तिसऱ्या शिट्टीला झाकण उघडायचं

स्टुटगार्टमध्ये नोव्हेंबरातल्या रविवारी सकाळी आठ वाजता बाहेर करडा उजेड असतो, रस्ता रिकामा असतो आणि जवळपास सगळी दुकानं बंद असतात. जर्मनीत रविवार हा कायद्यानेच सुट्टीचा दिवस आहे. स्टेशनावरची किंवा पेट्रोलपंपावरची थोडी दुकानं सोडली तर वाणसामान मिळत नाही. त्याच क्षणी पुण्यात साडेबारा झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली, की भारताशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. म्हणजे तिकडे मुलगा नाश्त्याचं काय करावं म्हणून कपाट उघडतो, तेव्हा इकडे चिंचवडच्या घरात सकाळचे पोहे होऊन, कढई घासून पालथी पडलेली असते आणि वरणाचा कुकर चढत असतो.

परदेशातल्या मराठी इंजिनिअरला घरच्या खाण्याची आठवण येते आणि पाकिटातला तयार पदार्थ ती भागवतो, अशी गोष्ट सांगणारी जाहिरात लिहायला बसलेल्या माणसाने आधी हे घड्याळ जुळवायला हवं. या साच्यातल्या स्क्रिप्टमध्ये बऱ्याचदा दिसणारी चूक तिथेच होते. नायक ऑफिसातून रात्री आठला दमून घरी येतो, आईला व्हिडिओ कॉल लावतो आणि आई हसतमुखाने ओट्याशी पोहे परतत असते. पुण्यात त्या वेळी रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. ज्या घरातलं कोणी खरोखर परगावी आहे, त्या घराला ही गफलत लगेच कळते. अशा घरांना हे अंतर तोंडपाठ असतं, कारण फोन कधी करायचा हे त्यावरच ठरतं.

स्टुटगार्ट निवडण्याला कारण आहे. ते मोटारींचं शहर आहे. मर्सिडीज आणि बॉश या दोन्ही कंपन्यांचं मूळ तिथे आहे आणि मर्सिडीजचा भारतातला कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. मुंबईशी तर स्टुटगार्टचं १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे. पुण्यात शिकलेला, गाड्यांच्या कामात मुरलेला मुलगा तिथे जाणं ही कल्पना ओढूनताणून आणलेली वाटत नाही. ‘फॉरेन’ म्हणून नुसती उंच इमारत दाखवली की ती कुठलीच जागा राहत नाही. आणि जागा नसली की भुकेलाही कारण उरत नाही.

गोष्ट सांगणाऱ्या जाहिरातीला कारण लागतं. ‘त्याला घरची आठवण आली’ ही झाली भावना. गोष्ट त्याच्या पुढे सुरू होते. आजच का आली, हेच खाणं का, स्वतः करून का खाल्लं नाही, या तीन प्रश्नांना पडद्यावर उत्तर हवं. स्टुटगार्टचा रविवार ती तिन्ही उत्तरं देतो. आज रविवार आहे आणि घरी रविवारी पोहे असतात. ताजा कढीपत्ता, कोथिंबीर, जाडे पोहे आणायला दुकान उघडं नाही. आणि एका खोलीच्या घरात मोहरी-हिंगाची सणसणीत फोडणी द्यायची म्हणजे छतावर धुराचा गजर बसवलेला आहे. जर्मनीत राहत्या घरांमध्ये, निदान झोपण्याच्या खोलीत, तो सक्तीचा असतो. स्वयंपाक आणि पलंग एकाच खोलीत असेल तर फोडणीच्या धुराने तो वाजायला वेळ लागत नाही. एकदा शेजाऱ्यांची रविवारची झोप मोडलेला मुलगा पुन्हा कढई बाहेर काढताना विचार करतो. कॅमेरा एक सेकंदभर त्या छतावरच्या पांढऱ्या चकतीकडे गेला, तरी ही सगळी हकिकत प्रेक्षकाला कळते.

खाण्यातून गोष्ट कशी चालते, याचा एक चांगला नमुना २०१३ मध्ये ब्रिटिश एअरवेजने केलेल्या फिल्ममध्ये आहे. मुंबईतली आई, न्यू यॉर्कमध्ये बरीच वर्षं राहणारा मुलगा. आई त्याच्या आवडीची भेंडीची भाजी करते. आपल्या हातचा डबा विमानाने मुलापर्यंत जाणार, अशी तिची समजूत असते. प्रत्यक्षात मुलगाच दारात येऊन उभा राहतो. त्याच वर्षी आलेल्या गूगलच्या ‘रीयुनियन’ या फिल्ममध्ये फाळणीने ताटातूट झालेल्या दोन म्हाताऱ्या मित्रांची भेट घडते, ती लाहोरमधल्या एका दुकानातल्या ‘झाजरिया’ नावाच्या मिठाईच्या धाग्यावरून. दोन्हीकडे पदार्थाची तारीफ कोणी करत नाही. भेंडी आईला कामाला लावते, झाजरिया नातीला दुकानाचा पत्ता शोधून देते. पदार्थ गोष्टीतलं एक काम करतो, म्हणून तो लक्षात राहतो.

पण तयार खाण्याच्या कंपनीपुढची अडचण विमान कंपनीपेक्षा अवघड आहे. विमान कंपनी खरोखर मुलाला घरी आणू शकते. पोह्यांचा कप तसं करू शकत नाही, आणि आईची जागाही घेऊ शकत नाही. तरीही अशा जाहिरातींचा ओढा नेमका तिकडेच असतो. पहिला घास घेताच नायकाचे डोळे भरून येतात, मागे बासरी, आणि शेवटी आवाज येतो, ‘अगदी आईच्या हातची चव’. पाहणाऱ्या आईला हे बोचतं. वीस वर्षं तिने जे केलं ते एका कपात उकळतं पाणी ओतून झालं, असं ते वाक्य तिला सांगत असतं. धंद्याच्या बाजूनेही ही मोठी चूक आहे, कारण परदेशी निघालेल्या मुलाची बॅग बहुतेक घरांत आईच भरते. तेवीस किलोच्या त्या बॅगेत कप जायचा की नाही, हे ठरवणारी ग्राहक तीच असते.

इथे नियमही आडवा येतो. भारताच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी नियम केले. ‘घरी बनवलेलं’, ‘घरी शिजवलेलं’ असा गैरसमज करून देणारे दावे त्यांत चालत नाहीत. ‘ताजं’ हा शब्द धुणं, सोलणं, चिरणं, गार ठेवणं अशा मोजक्या क्रियांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थालाच लावता येतो. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर ती कृती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असावी लागते. तेव्हा ‘ताजे, घरगुती कांदेपोहे’ असे शब्द कपावर किंवा जाहिरातीत टाकण्याआधी लेखकाला वकिलाकडे जावं लागतं, आणि बहुधा शब्द मागे घेऊनच परतावं लागतं. यात लेखकाचं नुकसान होत नाही. हे शब्द गेले की काहीतरी खरं शोधावंच लागतं.

खरं काय आहे ते कपातच पाहावं. पोहे या कामाला मुळातच सोयीचे आहेत. भात भिजवून, भाजून, मग दाबून चपटा केला जातो. त्या उष्णतेत आणि ओलाव्यात दाण्यातला स्टार्च शिजून गेलेला असतो. म्हणून घरीही पोहे आपण शिजवत नाही. भिजवतो, फोडणीत परततो आणि एक वाफ आणतो. कारखान्यात फोडणी आधीच होते. तेल, मोहरी, हळद, मिरची, शेंगदाणे पोह्यांना लावून ठेवतात. कांदा पाणी काढून वाळवलेला असतो. गुजरातमधलं महुवा हे अशा वाळवलेल्या कांद्याचं मोठं केंद्र आहे. उकळतं पाणी रेघेपर्यंत ओतायचं, झाकण लावायचं आणि कपावर लिहिलेली मिनिटं थांबायचं. पोहे लवकर फुलतात, कांद्याला जास्त वेळ लागतो, म्हणून कांद्याचे तुकडे बारीक ठेवतात. पाणी नुसतंच गरम असेल, उकळतं नसेल, तर मधले पोहे कोरडे राहतात आणि कांदा दाताखाली चिवट लागतो. पाणी रेघेच्या वर गेलं तर लगदा होतो. आणि कप फार दिवस पडून राहिला तर आधी दगा देतात ते शेंगदाणे आणि तेल. झाकण उघडताच खवट वास आला की पुढे पाणी ओतायचं कारण उरत नाही.

आणि जे कपात नसतं तेही पाहायला हवं. ओलं खोबरं नसतं, हिरवी कोथिंबीर नसते. लिंबाचा आंबटपणा पुडीतून आणता येतो, पण कापलेल्या लिंबाच्या सालीचा वास तिच्यात नसतो. लेखकाने हे झाकायचं ठरवलं तर फूड स्टायलिस्ट कपातल्या पोह्यांवर खोबऱ्याचा डोंगर आणि कोथिंबिरीचं रान उभं करतो. मग घरी कप उघडणारा माणूस फसल्यासारखा होतो. १९७० मध्ये अमेरिकेत कॅम्पबेल सूपचं प्रकरण गाजलं, ते अशाच गोष्टीवरून. सुपातल्या भाज्या तळाशी बसत होत्या, त्या वर दिसाव्यात म्हणून जाहिरातीतल्या वाडग्यात काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. भाज्या खऱ्याच होत्या, सूपही खरं होतं. तरी ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने त्यावर बोट ठेवलं आणि कंपनीला ते थांबवावं लागलं.

स्क्रिप्ट सुटते ती इथेच. कपात जे नाही, ते आईच्या तोंडी द्यायचं.

आता साठ सेकंदांचा हिशेब. बोलण्याचा ओघ सेकंदाला साधारण दोन शब्द धरला तरी साठ सेकंद भरून बोलायचं नसतं. पन्नास-साठ शब्दांत सगळे संवाद आटोपले तर श्वास घ्यायला जागा राहते. पहिली पाच सेकंदं सगळ्यांत महागाची, कारण यूट्यूबवर पाचव्या सेकंदाला प्रेक्षकाच्या बोटाखाली पुढे जायचं बटण येतं. तिथे विमान, ढग आणि शहराचं आकाशदृश्य घालणारा लेखक आपला प्रेक्षक तिथेच घालवतो. इथे पहिल्या सेकंदाला अंधार आणि आवाज हवा. गरम तेलात मोहरी तडतडते, मग ‘चुर्र’. दुसऱ्या सेकंदाला दिसतं की तो आवाज मोबाइलमधून येतोय, मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलाय आणि खिडकीबाहेर धुकं आहे. फोडणी आमटीची आहे, कारण पुण्यात साडेबारा वाजलेत. वास पडद्यातून पोचत नाही. मराठी घरातल्या स्वयंपाकाचा आवाज मात्र पोचतो, आणि तो कानावर पडला की मान आपोआप वळते.

इथे आणखी एक धोका टळतो. कपातल्या पोह्यांना फोडणीचा आवाज नसतोच. त्याचा आवाज किटलीचं बटण ‘टक्’ करून बंद होण्याचा आणि झाकण सोलण्याचा. फोडणीचा आवाज कपाच्या चित्रावर चिकटवला तर ते खोटं होईल. तो पुण्याच्या ओट्यावरच ठेवला तर दोन्ही आवाज आपापल्या जागी खरे राहतात.

आई ओट्याशी पाठमोरी आहे, बोलत बोलत काम करतेय. “सकाळी पोहे केले होते रे. बाबांनी दोनदा घेतले.” मुलगा, चष्मा लावून, केस विस्कटलेले: “आई, इथे आत्ता आठ वाजतायत.” आई वळून पाहते. “म्हणजे काहीच खाल्लं नाहीस अजून?” तो उत्तर देत नाही. कपाट उघडतो. पावाच्या पिशवीत टोकाचा एक तुकडा. खिडकीतून समोरच्या दुकानाचं लोखंडी शटर खाली आलेलं दिसतं. नजर क्षणभर छताकडे, त्या चकतीकडे. मग हात कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जातो आणि कप बाहेर येतो. इथपर्यंत वीस सेकंदं.

किटली बंद होते. पाणी रेघेपर्यंत. ही रेघ जवळून दाखवायची. वापरायची पद्धत त्या एका चित्रात समजते आणि वेगळ्या सूचनेची गरज राहत नाही. झाकण खाली. आता खरी पंचाईत: कपावर लिहिलेली मिनिटं साठ सेकंदांत कशी दाखवायची? झाकण लावलं आणि लगेच उघडलं तर पोहे क्षणात होतात असा दावा होतो, आणि तो खरा नाही. घड्याळाचा काटा फिरवून दाखवणं हा नेहमीचा मार्ग, पण त्यात माणूस नसतो.

फोनमधून कुकरची पहिली शिट्टी येते.

मुलगा कपावर तळहात ठेवून बसतो, हात गरम करत. आई म्हणते, “थंडी फार आहे का?” मधे काही क्षण गेलेत हे खिडकीतला वाढलेला उजेड सांगतो. दुसरी शिट्टी. आई विचारते, “मोजतोयस ना?” घरोघरी हे काम मुलांकडेच असतं. आई दुसऱ्या खोलीत जाताना सांगून जाते, तीन झाल्या की गॅस बंद कर. तिसरी शिट्टी होते. चिंचवडला आईचा हात गॅसच्या बटणावर, स्टुटगार्टला मुलाचा हात झाकणावर. वाफ येते आणि चष्मा पांढरा होतो. त्याला काही सेकंद दिसत नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते प्रेक्षकालाही दिसत नाही. रडवायची गरज उरत नाही. मिनिटांचा हिशेब पुण्याच्या कुकरने केला, म्हणजे वेळेत खोटेपणा नाही आणि घर गोष्टीतच राहिलं.

पहिला चमचा तोंडाकडे जाणार, तेवढ्यात फोनमधून: “लिंबू पिळलंस का?”

चमचा थांबतो. तो उठतो, छोट्या फ्रिजमधून शनिवारी आणलेलं अर्धं लिंबू काढतो, पिळतो. बी बोटांत अडवतो. लिंबू स्टुटगार्टला मिळतं, त्यामुळे ही गोष्ट अशक्य नाही. ते कपात नव्हतं हेही प्रेक्षकाने पाहिलं. आणि पोहे पुरे झाले ते आईच्या एका वाक्याने. शेवटची चार सेकंदं पॅक शॉट, म्हणजे कप, नाव आणि एखादं साधं वाक्य. ‘घरचं’ नाही, ‘आईच्या हातचं’ नाही. ‘लिंबू तेवढं तुमचं’ एवढं पुरेल.

कागदावर हे सरळ दिसतं, पण सेटवर ते मोडायला लहान गोष्टी पुरतात. शूटिंग बहुधा मुंबईतच होणार, स्टुटगार्टची खोली गोरेगावात उभी राहणार. किटलीची पिन भारतीय तीन पायांची निघाली, तर जर्मनीतून आलेल्या माणसाला ती आधी दिसते; तिथे जाड गोल टोकांची दोन पायांची पिन असते. खिडकीखाली भिंतीला हीटरचं पन्हाळीसारखं लोखंडी पॅनेल हवं, खिडकी वरून आत कलणारी हवी. वाफ समोरच्या प्रकाशात दिसतच नाही. तिला मागून प्रकाश आणि मागे काळोखी भिंत लागते, म्हणून मुलाला खिडकीकडे पाठ करून बसवावं लागतं. आणि दिव्यांच्या उष्णतेत पोहे काही मिनिटांत कोरडे पडतात. एका घासासाठी डझनभर कप तयार ठेवावे लागतात. प्रत्येक कपात पाणी रेघेपर्यंतच गेलं पाहिजे, कारण कॅमेऱ्यासमोर थोडं जास्त पाणी घालून पोहे फुगवणं हा त्या गोट्यांचाच धाकटा भाऊ आहे.

भाषेची बाब आणखी नाजूक. स्क्रिप्ट हिंदीत लिहून मराठीत उतरवली, की आई ‘बेटा, तू जेवण केलंस ना?’ असं काहीतरी बोलायला लागते. चिंचवडची आई ‘खाल्लंस का काही?’ म्हणेल. घर नागपूरचं ठरवलं, तर केवळ बोलणं बदलून भागणार नाही, पोहेच बदलतील; तिथल्या पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री येते, आणि आईचा शेवटचा प्रश्न लिंबाऐवजी तर्रीचा होईल. कोकणातल्या घरात दडपे पोहे असतील तर ही जाहिरात होतच नाही, कारण दडपे पोह्यांत सगळी मजा ओल्या खोबऱ्याची आणि कच्च्या कांद्याची, आणि ती कपात येत नाही. म्हणून ‘मराठी घर’ एवढं लिहून चालत नाही. कुठल्या गावचं घर, ते पहिल्या ओळीत ठरवावं लागतं.

बॅगेची गोष्ट दाखवायचा मोह झाला तर तिथेही जपून. आई विमानतळावर श्रीखंडाचा डबा, लोणी, पेढे देतेय असं दृश्य जर्मनीच्या गोष्टीत चालणार नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, ते कस्टमवाले काढून घेतात. चिवडा, लाडवाचं पीठ, भाजणी, पोह्यांचे कप जाऊ शकतात. सणाला श्रीखंडच का नाही, याचं उत्तर तिथे राहणाऱ्या प्रत्येकाकडे असतं.

साठ सेकंदांची फिल्म पुरी लागते ती थोड्याच ठिकाणी. टीव्हीसाठी तिची तीस सेकंदांची आवृत्ती होते, फोनसाठी पंधराची, आणि यूट्यूबवर सहा सेकंदांची, जी कोणाला पुढे ढकलता येत नाही. चांगली गोष्ट इथे कळते. तीस सेकंदांत दुकानाचं शटर आणि छताची चकती जातात, पंधरात आईचं पहिलं वाक्य जातं. सहा सेकंदांसाठी एडिटर टेबलावर तीन तुकडे मांडतो: कपावरचा तळहात आणि फोनमधली शिट्टी, वाफेने पांढरा झालेला चष्मा, आणि अंधारातून आलेला आईचा आवाज, लिंबू पिळलंस का. शिट्टी दोन सेकंदांची हवी. दीड सेकंदावर कापली तर कुकरची वाटत नाही, आगगाडीची वाटते.